बर्फाखालचा गहू आणि सोलापूरची ज्वारी

इटालियनमध्ये ‘पिओवे सुल बन्यातो’ म्हणतात, म्हणजे भिजलेल्यावरच पाऊस पडतो. आधीच गांजलेल्यावर आणखी संकट कोसळलं, तर शुक्रवार पेठेतल्या वाचकासाठी अनुवाद करताना ‘दुष्काळात तेरावा महिना’ चपखल बसतं. इटालियनमध्ये पाऊस आहे आणि मराठीत त्याचा अभाव, तरी बिघडत नाही, कारण बोलणाऱ्याचा वैताग तोच. मात्र हीच इटालियन म्हण श्रीमंताला लॉटरी लागल्यावरही उपरोधाने वापरतात. तिथे तेरावा महिना टाकला तर वाक्य उलटंच होईल. ‘पैशाकडे पैसा जातो’ हेच घ्यावं लागतं. म्हणून म्हणीला म्हण शोधण्याआधी ती कोणाबद्दल आणि कोणत्या सुरात उच्चारली आहे, हे पाहायचं.

खरी कसोटी लागते ती अन्न आणि हवामान एकाच म्हणीत आल्यावर. ‘सोत्तो ला नेवे पाने, सोत्तो ला प्योज्जा फामे’: बर्फाखाली पाव, पावसाखाली भूक. तिकडे गहू शरदात पेरतात. बर्फात अडकलेली हवा कोवळ्या रोपांचं कडाक्याच्या थंडीपासून रक्षण करते आणि बर्फ वितळताना पाणी सावकाश मुरतं. सततच्या पावसात मात्र पाणी साचून मुळं कुजतात.

सोलापूरकराला बर्फ नवखा असला तरी अडथळा तिथे नाही. अशी म्हण ज्या इटालियन गोष्टीत येते, तिच्यात शेतकऱ्याच्या दारात बर्फ पडलेलाच असतो, तो वाचकाला दिसतो. अडतं उत्तरार्धात. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढणाऱ्या मुलखात पाऊस म्हणजे भूक, हे कोण मानेल? ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही ओळखीची म्हण मोहात पाडते, पण तिच्यात पाऊस तारणहार आहे. ती वापरली तर बर्फाकडे पाहून सुखावलेला शेतकरी नेमका उलट बोलेल.

पण त्याच सोलापुरात काढणीला आलेली ज्वारी पावसात भिजून काळी पडते, आणि त्या पावसाला आपल्याकडे ‘अवकाळी’ हे नाव आहे. मी म्हण अशी जुळवेन: ‘बर्फाखाली गहू पोसे, अवकाळीनं चूल रुसे.’ पाने-फामे या जोडीतला नाद पोसे-रुसे यांत उरतो, आणि भुकेची जागा चूल घेते. किंमतही मोजावी लागते. इटलीत हिवाळ्यातला पाऊस अवेळी नसतो. तो दरवर्षीचाच आहे, असं कथेतच लिहिलं असेल तर ‘अवकाळी’ खोटं ठरेल. मग नाद थोडा जड झाला तरी ‘हिवपावसानं चूल रुसे’ बरं.

पारख करायला हे वाक्य मागच्या-पुढच्या चार ओळींसह, टीप न देता, कुणाला तरी वाचून दाखवावं आणि विचारावं, शेतकरी खूश आहे की चिंतेत? उत्तर चुकलं तर शब्द कितीही नेमके असोत, वाक्य पुन्हा लिहायचं.

‘तुत्तो फा ब्रोदो’, कशानेही रस्सा होतोच, याला एरवी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ चालून जातं. पण बोलणारी बाई त्याच वेळी उरलीसुरली भाजी पातेल्यात टाकत असेल, तर तळं बाजूला ठेवून रस्साच ठेवावा.