चित्रमापनी (प्राथमिक शाळेतील मुलांसाठी)

चित्रमापनी म्हणजे मुलाने आपले उत्तर लिहून न देता चित्रावर बोट ठेवून सांगावे, यासाठी केलेली उत्तरपट्टी होय. ज्यांना वाचता येत नाही किंवा अडखळत वाचता येते, अशा मुलांच्या भावना व आवडीनिवडी जाणून घेण्यासाठी तिचा उपयोग होतो. तिच्यासोबत लहान वाक्ये मोठ्याने वाचून दाखवली जातात.

पार्श्वभूमी

सुसान हार्टर व रॉबिन पाइक यांनी १९८४ मध्ये लहान मुलांसाठी चित्रांची मापनी प्रसिद्ध केली. तीत मुलाला दोन चित्रे दाखवून आधी 'यांपैकी तुझ्यासारखे कोण?' असे विचारतात. त्यानंतर 'अगदी तसे की थोडेसे तसे?' असे विचारून मोठ्या किंवा लहान वर्तुळावर बोट ठेवायला सांगतात. मुलाला एका वेळी दोनच पर्यायांतून निवड करावी लागते, तरी उत्तरे मात्र चार प्रकारची मिळतात.

चेहऱ्यांच्या मापन्या यांहून वेगळ्या आहेत. वेदना मोजण्याची २००१ मधील सुधारित मापनी सहा चेहऱ्यांची असून तिच्या आरंभी हसरा चेहरा नाही आणि शेवटी अश्रूही नाहीत. हसरा चेहरा 'वेदना नाही' असे नव्हे, तर 'आनंद आहे' असे सांगतो. वेदना नसलेले पण उदास असलेले मूल अशा पट्टीवर कोठे बोट ठेवील, हे ठरवता येत नाही.

वाक्यांची रचना

एका वाक्यात एकच गोष्ट असावी. 'मला वारा आणि अंधार यांची भीती वाटते' या वाक्याला मिळालेले 'हो' नेमके कशाबद्दल आहे, ते कळत नाही. नकारार्थी वाक्यही टाळावे. 'मला भीती वाटत नाही' याला मुलाने 'हो' म्हटले, तर ते भीती नसल्याला होकार देत आहे की भीती वाटते असे सांगत आहे, हे अस्पष्ट राहते.

मराठीत आणखी दोन अडचणी येतात. 'मी एकटा बसतो' या वाक्यात क्रियापद लिंगानुसार बदलते, त्यामुळे मुलींना ते वाक्य आपले वाटत नाही. 'मला एकटे वाटते' ही रचना दोघांनाही चालते. 'परवा' या शब्दाने मागचा व पुढचा असे दोन्ही दिवस दर्शवले जातात, म्हणून कालदर्शनासाठी 'काल' किंवा 'आज' वापरणे बरे.

उदाहरण

बुरोंडी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील समुद्रकिनाऱ्यावरचे गाव आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्यात घरांची व बागांची मोठी हानी केली. अशा गावात दुसरीच्या मुलांना वाऱ्याची भीती वाटते का, हे जाणून घ्यायचे आहे, असे समजू.

मोठ्यांच्या प्रश्नावलीतील वाक्य असे असेल: 'वादळी हवामानात मला असुरक्षिततेची भावना वारंवार जाणवते.' मुलांसाठी त्याचे वाक्य होईल: 'जोराचा वारा सुटला की मला भीती वाटते.' दोन चित्रे काढावीत. एकात मूल दाराशी निवांत खेळत आहे, दुसऱ्यात ते आईला बिलगले आहे. मुलांसाठी मुलाची व मुलींसाठी मुलीची चित्रे वेगळी असावीत. मुलाने दुसरे चित्र दाखवल्यास 'थोडी की खूप?' असे विचारून लहान व मोठे वर्तुळ पुढे करावे. येथे हसरा चेहरा वापरल्यास घाबरलेले मूलही केवळ आवडला म्हणून त्यावर बोट ठेवू शकते आणि त्याची भीती नोंदीतून निसटते.

सराव व पडताळणी

मुख्य वाक्यांपूर्वी उत्तर ठाऊक असलेली दोन वाक्ये तशाच चित्रांसह घ्यावीत. उदाहरणार्थ, 'खूप भूक लागली की मला जेवावेसे वाटते' आणि 'पायात काटा रुतला की मला बरे वाटते'. दोन्हींना सारखेच उत्तर आले, तर मुलाला पद्धत समजलेली नाही. अशा वेळी पुन्हा समजावून द्यावे. तरीही न जमल्यास त्याची उत्तरे हिशेबात धरू नयेत. 'भीती' दाखवणारे चित्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवावे. मग सतत एकाच बाजूला बोट ठेवणारे मूल लगेच लक्षात येते.

मर्यादा

मुले एकत्र बसल्यास शेजाऱ्याचे उत्तर पाहतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे लागते. वर्गशिक्षकांनी स्वतः विचारल्यास त्यांना आवडेल असे उत्तर देण्याकडे कल असतो. 'थोडी' व 'खूप' यांतील अंतर सर्व मुलांसाठी सारखे नसते, त्यामुळे उत्तरांना गुण देऊन सरासरी काढताना सावधगिरी लागते. 'खूप' हे उत्तर निदान ठरत नाही. त्या मुलाशी व पालकांशी निवांत बोलावे, एवढेच ते सुचवते.