पाच थेंबांची कुळकथा

दीड महिन्याच्या बाळाला आईच्या मांडीवर आडवे निजवून, त्याचे दोन्ही गाल बोटांनी हलकेच दाबून, परिचारिका जे पाच थेंब त्याच्या गालाच्या आतल्या बाजूस सोडते, त्यांचे मूळ शोधू गेल्यास आपण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नवजात अर्भकांच्या कक्षात, 1985-86 च्या सुमारास, जाऊन पोहोचतो. तेथील अर्भकांच्या विष्ठेत रोटाव्हायरस सापडत होता. जो विषाणू तान्ह्या मुलांना जुलाबांनी सुकवून टाकतो म्हणून वैद्यकाच्या दप्तरी नोंदलेला होता, तोच या चार-आठ दिवसांच्या जिवांच्या आतड्यांत वस्तीला होता. आणि तरीही मुले दूध पीत होती, निवांत झोपत होती, त्यांना ना उलटी होती ना जुलाब. या विसंगतीपाशी डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी थांबले, आणि त्या थांबण्यातून पुढे 116E या नावाच्या विषाणूची लस निघाली.

ही विसंगती केवढी होती हे कळण्यासाठी त्या विषाणूचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. पटकी कशाने होते हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते; पण तान्ह्या मुलांच्या बहुतेक जुलाबांचे कारण विसाव्या शतकाची सत्तर वर्षे उलटली तरी कोणाला सांगता येत नव्हते, आणि आपल्या घरोघरी तर त्याचा दोष बिचाऱ्या दातांच्या माथी मारला जाई. 1973 साली मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबांनी आजारी असलेल्या मुलांच्या लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा पेशींमध्ये गोल विषाणूंची दाटी दिसली. त्यांची आकृती आरे असलेल्या चाकासारखी, म्हणून चाक या अर्थाच्या लॅटिन ‘रोटा’ शब्दावरून इंग्लंडातील टॉमस फ्लेवेट यांनी त्यांना हे नाव सुचविले.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य अंकुर असतात, आणि अन्नरस व पाणी शोषून घेण्याचे काम मुख्यतः त्या अंकुरांच्या शेंड्यांवरील पेशी करतात. रोटाव्हायरस नेमक्या याच पेशींत शिरतो. पेशी झडतात, अंकुर खुरटतात, दूध पचविणारा पाचकरस उणा पडतो, आणि विषाणूचेच एक प्रथिन उरल्यासुरल्या पेशींना उलट पाणी बाहेर सोडावयास लावते. म्हणजे आवक बंद आणि जावक दुप्पट अशी आतड्याची अवस्था होते. त्यात उलट्यांमुळे तोंडाने दिलेलेही टिकत नाही. सहा किलो वजनाच्या बाळाच्या शरीरातून वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे सहाशे मिलिलिटर, आपल्या घरातली जेमतेम तीन फुलपात्रे पाणी निघून गेले, की ते बाळ मरणाच्या दारात उभे असते. टाळू खोल जाते, डोळे आत ओढले जातात, रडताना अश्रू येत नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंद उलटले तरी ती पूर्ववत बसत नाही, आणि शेवटी तर बाळ रडतही नाही. या तीन फुलपात्रांचा हिशेब ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिला, त्याला ‘साधे जुलाब’ हा शब्दप्रयोग पुन्हा तोंडी आणवत नाही.

हात धुण्याने आणि पाणी उकळण्याने पुष्कळ रोग हटले, पण हा पुरता हटला नाही. कारण लागण होण्यास विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात, आणि ते हातांवर, खेळण्यांवर, चादरींवर टिकून राहतात. श्रीमंत देशांतील स्वच्छ घरांतही जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत त्याची लागण होतेच. तेव्हा लागण चुकविणे बहुधा हातात नाही. हातात आहे ते तिची तीव्रता उतरविणे, आणि याचा दाखला निसर्गानेच देऊन ठेवला होता. मेक्सिकोत दोनशे मुलांवर जन्मापासून पाळत ठेवून 1996 मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात असे दिसले की, पहिली लागण सर्वांत जड जाते, पुढच्या लागणी उत्तरोत्तर सौम्य होत जातात, आणि दोन लागणी होऊन गेलेल्या मुलाला पुन्हा मध्यम वा तीव्र जुलाब झालेच नाहीत. त्याहीपूर्वी, 1983 साली, रूथ बिशप यांनीच दाखविले होते की जन्मतःच रुग्णालयात ज्यांना या विषाणूची लागण झाली, त्यांना पुढे लागण इतरांइतकीच होते, पण तिचा आजार तीव्र होत नाही. आता दिल्लीच्या त्या निवांत झोपलेल्या अर्भकांकडे पुन्हा पाहावे. भान यांच्या मंडळींनी त्यांचा पुढे पाठपुरावा केला, आणि थोडे मोठे झाल्यावर येणाऱ्या रोटाव्हायरसच्या जुलाबांपासून तीही बऱ्याच अंशी वाचलेली आढळली. पहिली, जड जाणारी लागण त्यांनी पाळण्यातच, कोणाला न कळता, भोगून टाकली होती.

हा सौम्य विषाणू आला कोठून, हे त्याच्या जनुकांची वंशावळ पाहिल्यावर उलगडले. रोटाव्हायरसचा वारसा अकरा सुट्या तुकड्यांत असतो, आणि एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. 116E च्या अकरा तुकड्यांपैकी दहा मानवी विषाणूचे, आणि एक, बाहेरील आवरणाचे प्रथिन घडविणारा, गोवंशातील विषाणूचा निघाला. हा संकर कोणी प्रयोगशाळेत घडविला नव्हता. तो आपोआप झाला. देवीची लस गायीच्या रोगातून आली, आणि टोचताना जो स्राव वापरीत त्या ‘लस’ शब्दानेच पुढे साऱ्या प्रतिबंधक औषधांना नाव दिले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी पुन्हा गायीच्या कुळाचा एक अंश मुलांच्या रक्षणास यावा, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो.

पण सौम्य विषाणू सापडणे निराळे आणि लस होणे निराळे. मधल्या काळात जवळजवळ तीस वर्षे गेली. भारत व अमेरिका यांच्या संयुक्त लस कार्यक्रमातून प्रयोगशाळांचे काम झाले आणि हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने उत्पादनाची तजवीज केली. या दिरंगाईतही एक सावधपणा होता. माकडाच्या विषाणूपासून बनविलेली अमेरिकेतील पहिली लस 1998 साली बाजारात आली आणि आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा विकार तिच्यानंतर सुमारे दहा हजार मुलांत एकाला होतो असे दिसल्यावर दुसऱ्याच वर्षी परत घेण्यात आली. त्यानंतरच्या प्रत्येक लसीची पारख याच प्रश्नावर झाली आहे.

अखेर मार्च 2011 मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू येथे मोठी चाचणी सुरू झाली. 6799 अर्भके तीत घेतली. दर तिघांत दोघांना लस आणि एकाला लसीसारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रव, आणि कोणाला काय दिले हे ना आईला ठाऊक ना डॉक्टरला. डोस सहा, दहा व चौदा आठवड्यांना, म्हणजे आपल्याकडे बोलण्यात येणाऱ्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. बाळाला जुलाब झाले की जुलाब किती वेळा व किती दिवस, उलट्या किती, ताप किती, शरीरातले पाणी किती घटले, याला गुण देऊन वीसपैकी अकरा वा अधिक भरले तर तो विकार तीव्र धरावा असा शिरस्ता होता. लस घेतलेल्या गटात मुलांच्या पाळतीची एकंदर 4752 वर्षे भरली आणि त्यांत रोटाव्हायरसचे तीव्र विकार 71 झाले; दुसऱ्या गटात 2360 वर्षांत 76. म्हणजे शंभर मुलांमागे वर्षाला एकीकडे दीड, दुसरीकडे सव्वातीन. ही घट सुमारे 54 टक्क्यांची.

चौपन्न टक्के हा आकडा ऐकून काहींचे मन खट्टू होते, कारण श्रीमंत देशांत या रोगाच्या लसींनी याहून पुष्कळ अधिक यश दाखविले आहे. पण दरिद्री वस्त्यांत सर्वच रोटाव्हायरस लसींचे यश असे उतरते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या विषाणूला वाढू देत नाहीत, सोबत पाजलेली पोलिओची लस त्याच्याशी जागेसाठी झगडते, आणि आतडे आधीच इतर जंतूंनी दाहलेले असते, अशी याची कारणे मानली जातात. वेल्लोरच्या मुलांवरील अभ्यासात तर तीन नैसर्गिक लागणींनंतरही मध्यम वा तीव्र विकारापासूनचे संरक्षण 79 टक्क्यांवरच थांबले होते. निसर्गाला जिथे इतके कष्ट पडतात तिथे पाच थेंबांनी निम्म्याहून अधिक तीव्र विकार टाळावेत, हे मी मोठे यश समजतो. शिवाय लस आतड्यात करते ते इतकेच की खरा विषाणू आला असता प्रतिपिंडे आधीच तयार असतात. तो शिरतो, पण सारे अंकुर उद्ध्वस्त करण्याआधी आवरला जातो, आणि तीन फुलपात्रांऐवजी अर्धेच फुलपात्र जाते.

दुसरी मर्यादा अशी की ही लस एकाच विषाणूवर आहे. त्याच चाचणीत सर्व कारणांच्या तीव्र जुलाबांत घट झाली ती 19 टक्क्यांच्या आसपासच. इतर जंतूंचे जुलाब राहिलेच. म्हणून लस घेतलेल्या मुलालाही जुलाब झाले तर क्षार-संजीवनीचे पाणी, आईचे दूध आणि जस्ताच्या गोळ्या यांना रजा देता येत नाही. आतड्याच्या त्या जुन्या शंकेबाबत, 116E सार्वजनिक कार्यक्रमात देऊ लागल्यावर दहा राज्यांतील रुग्णालयांत पाहणी झाली आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. तरी लस घेतलेली असो वा नसो, बाळ मधूनमधून पाय पोटाशी ओढून किंचाळू लागले, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त व चिकट बुळबुळ दिसली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तो विकार वेळेवर ओळखला तर बरा होतो.

2016 मध्ये चार राज्यांत या लसीने सुरू झालेले रोटाव्हायरसचे लसीकरण 2019 अखेर देशाच्या सार्वजनिक लसीकरण कार्यक्रमात सर्वत्र पोहोचले, आणि पाहणीच्या रुग्णालयांत जुलाबांसाठी दाखल होणाऱ्या मुलांपैकी रोटाव्हायरसची मुले पूर्वी शंभरात चाळीस असत, ती वीसच्या आसपास उतरली. घरात दीड महिन्याचे बाळ असेल त्यांनी लसीकरणाचे कार्ड घेऊन ठरलेल्या दिवशी केंद्रावर जावे. दिवस चुकला असेल तरी वर्षाच्या आत पहिला डोस देता येतो, तेव्हा पुढच्याच सत्राला जावे.