कार्यप्रशिक्षणाची जाहिरात (चंद्रपूर–गडचिरोली)

कार्यप्रशिक्षणाची जाहिरात : शिक्षण घेत असलेल्या किंवा नुकतेच संपवलेल्या तरुणांना ठरावीक मुदतीसाठी कामावर घेऊन शिकवण्याकरिता एखादे कार्यालय, संस्था किंवा कारखाना जी सूचना काढतो ती. बोलीभाषेत ‘इंटर्नशिपची जागा निघाली’ असे म्हणतात. अशा सूचनेत काम, विद्यावेतन, कालावधी आणि अर्जाची रीत या चार गोष्टी सांगितलेल्या असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत त्यांच्या जोडीने पाचवी गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे कामाचे ठिकाण. बाकीच्या चारही गोष्टींचा खरा अर्थ ठिकाणावरून ठरतो.

या नोंदीत मुख्यतः मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेखालील जाहिरातींचा विचार केला आहे. महाराष्ट्र शासनाच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाने जुलै २०२४मध्ये शासन निर्णय काढून ही योजना सुरू केली. १८ ते ३५ वयाचे, महाराष्ट्राचे रहिवासी असलेले उमेदवार तिच्यासाठी पात्र ठरतात.

विद्यार्थी कोणता : ‘विद्यार्थ्यांसाठी संधी’ असा मथळा असला तरी या योजनेत शिक्षण चालू असलेला उमेदवार बसत नाही. बारावी, आयटीआय, पदविका किंवा पदवी पूर्ण करून मोकळ्या झालेल्यांसाठी ती आहे. महाविद्यालयात शिकत असलेल्यांची वाट वेगळी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक मिळतात. गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी त्यासाठी आपल्या विभागाकडे चौकशी करावी. त्या कामाला विद्यावेतन मिळेलच असे नाही आणि अर्जही महाविद्यालयामार्फत जातो. दोन्हींना ‘इंटर्नशिप’ हाच शब्द वापरला जात असल्याने अंतिम वर्षाचे विद्यार्थी चुकीच्या ठिकाणी अर्ज भरतात आणि पडताळणीत बाद होतात.

काम : जाहिरातीतील सर्वांत दुबळी ओळ बहुधा हीच असते. ‘कार्यालयीन कामे’ एवढेच लिहिले असेल तर उमेदवाराला काहीच कळत नाही. वनहक्काचे काम पाहणाऱ्या कार्यालयाची जाहिरात नीट लिहिली तर ती अशी असेल : वनहक्क दाव्यांच्या फायली गावनिहाय लावणे, दाव्यातील नावे व क्षेत्र संगणकावर चढवणे, ग्रामसभेला हजर राहून ठराव उतरवून घेणे, माडिया किंवा गोंडी बोलता येत असल्यास प्राधान्य. एवढ्या वाचनाने कळते की आठवड्यातले काही दिवस गावोगाव फिरायचे आहे, मोटारसायकल लागेल आणि घरी माडिया बोलणाऱ्या मुलीला इथे शहरातल्या उमेदवारापेक्षा अधिक संधी आहे.

विद्यावेतन : बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधर व पदव्युत्तराला १०,००० रुपये असे दर ठरलेले आहेत. ही रक्कम शासन थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करते. पैसे अडकण्याचे एक नेहमीचे कारण खात्यातच असते. शिष्यवृत्तीसाठी एका बँकेत, नंतर दुसऱ्या कामासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले जाते. आधार क्रमांक दोन्हीकडे दिलेला असला, तरी थेट हस्तांतरणाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या एकाच बँकेत जातात. मग पासबुक कोरे राहते आणि पैसे विस्मरणात गेलेल्या खात्यात साचतात. रुजू होण्याआधी myAadhaar संकेतस्थळावर Bank Seeding Status पाहिले की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते. बदल हवा असल्यास बँकेत जाऊन अर्ज देता येतो.

कालावधी आणि हजेरी : मूळ मुदत ६ महिन्यांची होती. २०२५मध्ये ती ५ महिन्यांनी वाढवून एकूण ११ महिने करण्यात आली. म्हणून ‘सहा महिने’ किंवा ‘अकरा महिने’ वाचताना जाहिरात केव्हाची आहे हे आधी पाहावे. हजेरी आस्थापना नोंदवते आणि तिच्यावरून विद्यावेतन निघते. महिन्यात दहा दिवस किंवा त्याहून अधिक गैरहजेरी झाली तर त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही. ही अट पुण्यात वाचणाऱ्याला सैल वाटेल. भामरागडला ती पावसाळ्यात कडक होते, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो.

उदाहरणादाखल, आलापल्लीचा एक पदवीधर भामरागडच्या कार्यालयात १ जुलैला सहा महिन्यांसाठी रुजू झाला असे धरू. कागदावर त्याचे ६०,००० रुपये होतात. ऑगस्टमध्ये शनिवारी घरी आला, पूर आला, आणि सगळे मिळून १२ दिवस कामावर पोहोचता आले नाही. ऑगस्टचे १०,००० गेले, हाती ५०,००० आले. भामरागडला खोली व जेवणाला महिना ४,५०० धरले तर सहा महिन्यांचे २७,००० होतात आणि शिल्लक २३,००० राहते. तोच १ ऑक्टोबरला रुजू झाला असता तर पुराचे महिने टळले असते आणि ३३,००० उरले असते. बारावी उत्तीर्णाची तीच बेरीज ऑक्टोबरपासूनही केवळ ९,००० वर थांबते. त्याच्यासाठी कमी मुदतीची पण घरून ये-जा करता येईल अशी जागा अधिक फायद्याची ठरू शकते. अर्ज करण्यापूर्वी ही बेरीज आपापल्या आकड्यांनी मांडून पाहावी.

अर्ज : rojgar.mahaswayam.gov.in या संकेतस्थळावर नोंदणी करून क्रमांक घ्यायचा, शैक्षणिक प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, आधार व बँक तपशील भरायचे आणि मग आस्थापनांनी टाकलेल्या जागांपैकी निवडून अर्ज करायचा. निवड आस्थापना करते. नोंदणीला शुल्क नाही. जागा पक्की करण्यासाठी कोणी अनामत मागितली तर ती जाहिरात खोटी समजावी. नेटवर्क नसलेल्या गावातील उमेदवार हे काम तालुक्याच्या सेवा केंद्रातून करून घेतात. तिथे नोंदणीला स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. केंद्रचालकाचा क्रमांक दिला गेला तर निवडीचा निरोप आणि ओटीपी त्याच्याकडे जातात आणि रुजू होण्याची तारीख निघून गेल्यावर उमेदवाराला कळते. अडचण आल्यास दोन्ही जिल्ह्यांच्या मुख्यालयी असलेल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारता येते.

मर्यादा : शासकीय कार्यालयाला मंजूर पदांच्या ५ टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात. वीस पदांच्या तालुका कार्यालयात म्हणजे एकच जागा. उत्पादन क्षेत्रातील आस्थापनांना हे प्रमाण अधिक असल्याने बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या औद्योगिक पट्ट्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात अधिक वाव राहतो आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडील तालुक्यांत कमी. मुदत संपल्यावर कायम नोकरीचा हक्क मिळत नाही, मिळते ते आस्थापनेचे प्रमाणपत्र. त्यात ‘कार्यालयीन कामे केली’ असे आले तर पुढच्या मुलाखतीत त्याचा आधार होत नाही. ‘वनहक्क दाव्यांच्या नोंदी संगणकावर चढवल्या, ग्रामसभेचे ठराव लिहिले’ असे आले तर होतो. म्हणून रुजू होताना जाहिरातीची छापील प्रत जपून ठेवावी आणि प्रमाणपत्र घेताना जाहिरातीतील कामांची ओळ दाखवून जे प्रत्यक्ष केले ते त्यात लिहून घ्यावे.