टिंब, दोन टिंबं आणि टिल्ड : पाथमधल्या तीन खुणांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण कमांड कशी वाचली जाते ते पाहिलं होतं. आज विषय अगदी छोट्या खुणांचा आहे. एक टिंब म्हणजे आत्ताची डिरेक्टरी, दोन टिंबं म्हणजे वरची डिरेक्टरी आणि टिल्ड म्हणजे आपलं घर. या तिन्ही खुणा आपण एकाच दिवशी, एकाच तक्त्यातून शिकतो. त्यामुळे त्या सख्ख्या बहिणी वाटतात. पण त्या तशा नाहीत, आणि हे ठाऊक नसल्यामुळे माणसांच्या फायली गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. तो प्रसंग पुढे सांगू. आधी एक साधा प्रयोग करू. तुमच्या टर्मिनलमध्ये ही ओळ लिहा :

```
$ echo ~ . ..
/home/asha . ..
```

बघा काय झालं. टिल्डच्या जागी घराचा पूर्ण पत्ता आला. टिंबं मात्र जशी होती तशीच राहिली. `echo` बिचारं हाती आलेले शब्द छापतं, बाकी काही करत नाही. म्हणजे टिल्ड `echo`पर्यंत पोहोचलंच नाही, शेलने वाटेतच ते बदललं. टिंबांना शेलने हात लावला नाही. मग टिंबांचा अर्थ कोण लावतो? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या छोट्या यंत्रावर युनिक्सची पहिली आवृत्ती उभी केली. तिच्यात डिरेक्टऱ्या होत्या, पण आजच्यासारखा तिरक्या रेघांचा पाथच नव्हता. फायलीचं नाव म्हणजे आत्ताच्या डिरेक्टरीतलं एक साधं नाव, बस्स. मग दुसऱ्याच्या डिरेक्टरीत जायचं कसं? त्यासाठी `dd` नावाची एक डिरेक्टरी असे आणि तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या डिरेक्टरीची नोंद असे. केन यांच्या डिरेक्टरीत जायचं तर आधी `dd` आणि मग `ken` अशी दोन नावं ओळीने द्यायची. डेनिस रिची यांनी पुढे या दिवसांबद्दल लिहिताना नोंदवलं आहे की, या पद्धतीत उपडिरेक्टऱ्या इतक्या गैरसोयीच्या होत्या की प्रत्यक्षात कोणी त्या वापरतच नसे.

पीडीपी-११ वर युनिक्स गेलं, पाथ आले आणि त्यांच्यासोबत टिंबांची व्यवस्था पक्की झाली. १९७४ साली रिची आणि टॉम्प्सन यांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध लेख आला, त्यात हे स्पष्ट मांडलेलं आहे : प्रत्येक डिरेक्टरीत किमान दोन नोंदी असतात. `.` या नावाची नोंद त्या डिरेक्टरीकडेच बोट दाखवते आणि `..` ही नोंद तिच्या वरच्या डिरेक्टरीकडे.

नोंद म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. त्या काळची डिरेक्टरी म्हणजे एक साधी यादी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत यादीची एक ओळ १६ बाइटची होती : २ बाइट फायलीचा क्रमांक, १४ बाइट नाव. `..` हे त्या यादीतलं चक्क एक नाव होतं, `notes` किंवा `letter` असतं तसं. नवी डिरेक्टरी करताना `mkdir` ही कमांड आधी रिकामी डिरेक्टरी तयार करी आणि मग स्वतःच या दोन नोंदी तिच्यात घाली. म्हणून पाथ वाचताना कर्नलला टिंबांसाठी वेगळी युक्ती लागत नव्हती. नाव शोधायचं, क्रमांक मिळवायचा, पुढे जायचं. सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत `..` ही नोंद स्वतःकडेच बोट दाखवते, म्हणून तिथे कितीही वेळा वर जा, आपण तिथेच राहतो.

याची खूण आजही दिसते. `ext4` फाइल-सिस्टिमवर एक रिकामी डिरेक्टरी करा आणि `ls -ld` द्या. लिंकच्या रकान्यात २ हा आकडा दिसेल. एक तिचं वरच्या डिरेक्टरीतलं नाव आणि दुसरी तिच्या आतली `.` ही नोंद. आता तिच्यात एक उपडिरेक्टरी करा, आकडा ३ होईल, कारण त्या लेकराच्या `..` ने आईकडे बोट दाखवलं. आजच्या सगळ्याच फाइल-सिस्टिम या नोंदी डिस्कवर लिहून ठेवत नाहीत, पण विचारलं की कर्नल उत्तर तेच देतो.

म्हणजे टिंबं ही फाइल-सिस्टिमची गोष्ट. शेल नसला तरी ती चालतात. सी भाषेतल्या प्रोग्रॅमने `open` ला `../yadi.txt` दिलं तर फाइल उघडते. `~/yadi.txt` दिलं तर मात्र 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं, कारण कर्नलच्या लेखी टिल्ड हे `a` किंवा `b` सारखंच एक साधं अक्षर आहे.

मग टिल्ड आलं कुठून? त्यासाठी बेल लॅब्ज सोडून कॅलिफोर्नियाला, बर्कली विद्यापीठात जावं लागतं. तिथे बिल जॉय यांनी सी-शेल लिहिला आणि १९७९ मध्ये तो बर्कलीच्या युनिक्स वितरणातून बाहेर गेला. घराच्या पत्त्याऐवजी टिल्ड लिहायची सोय त्यात होती. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत, त्याच्या कळफलकावर `HOME` हा शब्द आणि `~` ही खूण एकाच कळीवर छापलेली होती. खुणेचं मूळ तिथेच सांगितलं जातं. त्याच सुमारास बेल लॅब्जमधून आलेल्या बोर्न शेलमध्ये `$HOME` होतं, पण टिल्ड नव्हतं. पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने ते उचललं आणि १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणकात ते सर्व शेलसाठी ठरून गेलं.

शेलचे टिल्डबद्दलचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. टिल्ड शब्दाच्या सुरुवातीला हवं आणि अवतरणाबाहेर हवं. नुसतं `~` असेल तर `HOME` ची किंमत येते. `~ravi` असेल तर रवीचं घर वापरकर्त्यांच्या यादीतून शोधलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : शेल आधी टिल्ड पाहतो आणि नंतर चलांच्या किमती भरतो. चलाच्या पोटातून बाहेर आलेलं टिल्ड पुन्हा तपासलं जात नाही.

आता तो प्रसंग. आमच्या एका कार्यशाळेत एका विद्यार्थ्याने साठवणीसाठी स्क्रिप्ट लिहिली होती :

```
JAGA="~/sathavan"
mkdir -p "$JAGA"
cp *.txt "$JAGA"
```

कुठे काही चूक दिसली नाही, कमांड तक्रार न करता चालल्या. पण घरात `sathavan` काही दिसेना. `ls` दिल्यावर त्याला चालू डिरेक्टरीतच `~` नावाची एक डिरेक्टरी दिसली. अवतरणामुळे टिल्ड टिल्डच राहिलं, आणि `mkdir` ने आज्ञाधारकपणे त्या नावाची डिरेक्टरी करून दिली. इथपर्यंत नुकसान काहीच नव्हतं. नुकसान पुढच्या ओळीने झालं. त्याला ही फालतू डिरेक्टरी काढायची होती, म्हणून त्याने लिहिलं `rm -rf ~`. या वेळी अवतरण नव्हतं. शेलने टिल्ड बदललं आणि `rm` च्या हाती पडलं `/home/asha`. आधुनिक `rm` हे `.`, `..` आणि `/` काढायला नकार देतं, पण घराचा पत्ता त्याच्या दृष्टीने इतरांसारखाच एक पत्ता. आम्ही पोहोचून थांबवेपर्यंत बरंच गेलं होतं. आठवडाभर आधीची पेन ड्राइव्हवरची प्रत होती, तेवढंच वाचलं.

खरं तर हवं होतं ते असं :

```
$ ls -la ./~
$ rm -r ./~
```

`./` पुढे आल्याबरोबर टिल्ड शब्दाच्या सुरुवातीला राहत नाही, शेल त्याला सोडून देतो आणि कर्नल ते साधं नाव म्हणून शोधतो. इथे टिंबाने टिल्डला आवर घातला. स्क्रिप्टमध्ये `JAGA="$HOME/sathavan"` लिहावं, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. आणि शंका असेल तेव्हा कमांडच्या आधी `echo` लावून पाहावं. `echo rm -r ~` लिहिलं असतं तर तो पत्ता डोळ्यांना दिसला असता.

शेल टिंबांना हात लावत नाही, असं आपण सुरुवातीला म्हटलं. त्याला एक अपवाद आहे, आणि तोही इतिहासातूनच आला. १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ आवृत्तीने सिंबॉलिक लिंक आणल्या. आता एकाच डिरेक्टरीला दोन वाटांनी जाता येऊ लागलं, पण तिची `..` ही नोंद तर एकच. समजा `/home/asha/kaam` ही लिंक `/srv/prakalp/kaam` कडे जाते. लिंकवरून आत शिरलो आणि `cd ..` केलं, तर कर्नलच्या हिशेबाने आपण `/srv/prakalp` मध्ये पोहोचायला हवं. लोकांना वाटे, आपण घरातून आलो, तर घरी का जात नाही? कॉर्न शेलने आपण आलेली वाट लक्षात ठेवायला सुरुवात केली. `cd ..` म्हटलं की त्या वाटेतलं शेवटचं नाव काढून टाकायचं. आज बॅशही तसंच करतो.

पण ही सोय फक्त `cd` ची आहे. बाकीच्या कमांड कर्नललाच विचारतात :

```
$ cd ~/kaam
$ ls ..        # /srv/prakalp
$ cd .. ; pwd  # /home/asha
```

एकाच जागी उभं राहून एकाच `..` चे दोन अर्थ. `cd ..` ने घरी जाता येतं म्हणून `mv ahaval.txt ..` दिलं, तर अहवाल घरी जात नाही, तो `/srv/prakalp` मध्ये जातो आणि आपण घरात शोधत बसतो. अशा वेळी `pwd` आणि `pwd -P` दोन्ही द्यावं. उत्तरं वेगळी आली तर समजावं की आपण लिंकवरून आलो आहोत. `cd -P ..` म्हटलं की `cd` सुद्धा कर्नलचंच ऐकतो. बेल लॅब्जच्याच 'प्लॅन ९' मध्ये हा घोळ उलट्या बाजूने सोडवला. तिथे कर्नलच वाटेचं नाव लक्षात ठेवू लागला. रॉब पाइक यांनी २००० साली त्यावर निबंध लिहिला आहे.

तेव्हा पाथ लिहिताना एवढा प्रश्न स्वतःला विचारावा : ही खूण कोण वाचणार आहे? टिल्ड शेल वाचतो, कमांड सुरू होण्याआधी. टिंबं कर्नल वाचतो, फाइल उघडताना. आणि `cd` मधली दोन टिंबं शेल स्वतःच्या आठवणीतून वाचतो. पुढच्या व्याख्यानात आपण `*` ही खूण घेऊ. ती कोणे एके काळी शेलमध्ये नव्हतीच, तिच्यासाठी `glob` नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. तिथून सुरुवात करू.