हिपोक्रेटिसची चंद्रकोर

काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या दोन्ही भुजांवर बाहेरच्या अंगास अर्धवर्तुळे काढावी आणि कर्णावरील अर्धवर्तुळ मात्र त्रिकोण ज्या बाजूस आहे त्याच बाजूस काढावे, म्हणजे दोन चंद्रकोरी दिसू लागतात. या दोन कोरींच्या क्षेत्रफळांची बेरीज बरोबर त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकी असते. भूमितीच्या अनेक पुस्तकांत हे प्रमेय ‘हिपोक्रेटिसच्या चंद्रकोरी’ या नावाने येते, आणि आम्हीही ते वर्षानुवर्षे त्याच नावाने शिकवीत आलो. पुढे मूळ आधार काय आहे हे पाहण्याचा योग आला, तेव्हा असे ध्यानात आले की या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक हिपोक्रेटिसने खरोखर सिद्ध केलेली, दुसरी त्याच्यानंतर सुमारे पंधराशे वर्षांनी सिद्ध झालेली, आणि तिसरी त्याच्या माथी मारलेली एक चूक. या तिन्ही सुट्या करून पाहण्याचा येथे विचार आहे.

हा हिपोक्रेटिस वैद्यकाचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेला कोस बेटाचा हिपोक्रेटिस नव्हे. दोघेही इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले, म्हणून घोटाळा होतो. आमचा हिपोक्रेटिस किऑस बेटाचा, आणि धंद्याने व्यापारी. ॲरिस्टॉटल सांगतो की भूमितीत निष्णात असलेला हा मनुष्य व्यवहारात भोळा होता आणि बायझँटियमच्या जकातदारांनी त्याचे पुष्कळ द्रव्य बुडविले. दुसऱ्या एका टीकाकाराच्या मते त्याचा माल चाच्यांनी लुटला, त्यांच्यावर फिर्याद करण्यास तो अथेन्सला आला आणि खटला रेंगाळल्यामुळे तेथील विद्वानांच्या सहवासात रमला. जकातदार की चाचे, हा निवाडा आता कोणी करू शकणार नाही. मात्र द्रव्य गेले आणि भूमिती हाती राहिली, एवढे दोन्ही कथांत समान आहे. युक्लिडच्या आधी भूमितीची ‘मूलतत्त्वे’ क्रमाने मांडणारा पहिला लेखक तोच, असे प्रोक्लस म्हणतो. तो ग्रंथ नष्ट झाला आहे.

त्या काळी अथेन्समध्ये वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढण्याचा प्रश्न इतका बोलबाल्याचा होता की इ.स.पू. ४१४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘पक्षी’ या नाटकातही त्यावर विनोद आहे. केवळ सरळ रेषांनी वेढलेल्या कोणत्याही आकृतीइतका चौरस काढता येत होता. अडचण वक्ररेषेची होती. वक्ररेषांनी वेढलेल्या एखाद्या तरी आकृतीचे क्षेत्रफळ सरळ रेषांच्या आकृतीइतके दाखविता येईल काय? हिपोक्रेटिसने ते दाखविले.

त्याची साधी आकृती अशी. अबक हा समद्विभुज काटकोन त्रिकोण घ्या. काटकोन क पाशी, आणि कर्णाचा मध्य म. कर्णावर अर्धवर्तुळ काढले की ते क मधून जाते, कारण अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो. आता अक या भुजेवर बाहेरच्या अंगास दुसरे अर्धवर्तुळ काढा. कर्णाचा वर्ग भुजेच्या वर्गाच्या दुप्पट आहे, आणि वर्तुळांची क्षेत्रफळे व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. म्हणून कर्णावरील अर्धवर्तुळ भुजेवरील अर्धवर्तुळाच्या दुप्पट झाले. त्या मोठ्या अर्धवर्तुळाचा निम्मा भाग, म्हणजे मअ व मक या त्रिज्यांमधील पाव वर्तुळ, हे अक वरील लहान अर्धवर्तुळाइतके आहे. या दोन समान आकृतींत एक तुकडा सामाईक आहे: अक ही जीवा आणि मोठ्या वर्तुळाचा कंस यांच्यामधला वृत्तखंड. तो दोहोंतून वजा करा. पाव वर्तुळातून उरतो त्रिकोण अमक. लहान अर्धवर्तुळातून उरते चंद्रकोर. दोन्ही समान. दुसऱ्या भुजेवरही तेच करा, म्हणजे दोन कोरी मिळून सबंध त्रिकोण होतो.

आकड्यांनी पडताळून पाहू. भुजा १० असेल तर त्रिकोण ५० आणि त्याचा निम्मा २५. लहान अर्धवर्तुळ सुमारे ३९.२७ भरते व वृत्तखंड सुमारे १४.२७. वजाबाकी २५. दोन्ही संख्यांत ‘पाय’ दडलेला आहे, आणि वजाबाकीत तो नाहीसा होतो. सगळी सिद्धता या एका गोष्टीवर उभी आहे, आणि पुढे जी चूक पाहावयाची आहे तीही हिच्याच विस्मरणातून निघते. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे: वर्तुळे व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, हे हिपोक्रेटिसने सिद्ध केले असे प्राचीन लेखक म्हणतात, परंतु आज उपलब्ध असलेली त्याची काटेकोर सिद्धता युक्लिडच्या बाराव्या पुस्तकात येते, आणि तिची पद्धत हिपोक्रेटिसनंतरच्या युडॉक्ससची मानली जाते.

आता समद्विभुज ही अट काढून टाकू. कोणताही काटकोन त्रिकोण घेतला तरी दोन कोरींची बेरीज त्रिकोणाइतकीच असते, हे सामान्य रूप हिपोक्रेटिसच्या उपलब्ध वृत्तांतात कोठेही नाही. ते इब्न अल-हैथम या अरबी विद्वानाच्या लेखनात आढळते. तो सुमारे ९६५ मध्ये बसरा येथे जन्मला आणि सुमारे १०४० मध्ये कैरोस वारला. प्रकाशशास्त्रावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्धच आहे. सिद्धता सोपी आहे. भुजांवरील दोन अर्धवर्तुळे मिळून कर्णावरील अर्धवर्तुळाइतकी होतात. दोन्हीकडून तेच दोन वृत्तखंड वजा केले की एकीकडे दोन कोरी उरतात व दुसरीकडे त्रिकोण.

वर्गात येथे एक गंमत होते. पायथागोरसच्या आकृतीत तिन्ही चौरस बाहेर काढण्याची मुलांना सवय असते, म्हणून ती कर्णावरचे अर्धवर्तुळही बाहेरच काढतात, आणि मग कोरी कोठे आहेत म्हणून शोधीत बसतात. ते अर्धवर्तुळ उलटून त्रिकोणावर आणले, आणि ते शिरोबिंदूतून जाते हे पाहिले, म्हणजेच कोरी तयार होतात. कोन काटकोन नसेल तर ते शिरोबिंदूतून जाणार नाही, आणि सामाईक तुकडेच उरणार नाहीत.

याहून सूक्ष्म चूक शिक्षकांच्याही हातून होते. दोन कोरी मिळून त्रिकोण, तर प्रत्येक कोर निम्मा त्रिकोण, असे गृहीत धरले जाते. ३, ४ आणि ५ भुजांचा त्रिकोण घ्या. क्षेत्रफळ ६. शिरोबिंदू कर्णाच्या मध्याशी जोडला की त्याचे ३ व ३ असे दोन समान भाग पडतात, आणि वाटते की कोरीही तीन-तीनच्या असतील. प्रत्यक्षात ३ च्या भुजेवरील कोर सुमारे २.५१ भरते व ४ च्या भुजेवरील सुमारे ३.४९. बेरीज बरोबर ६ येते, परंतु एकेकटीत ‘पाय’ शिल्लक राहतो. एकीत जो अधिक तोच दुसरीत उणा, म्हणून केवळ बेरजेत तो मावळतो. अर्थात, सामान्य प्रमेय व्यापक असले तरी एकट्या कोरीविषयी ते काहीच सांगत नाही. एकटी कोर मोजून दाखविणे हा हिपोक्रेटिसचा पराक्रम होता, आणि सामान्य प्रमेय त्याच्या नावावर घातल्याने तोच झाकला जातो.

आता त्याच्यावरील आरोपाकडे वळू. आफ्रोडिसियासचा अलेक्झांडर हा ॲरिस्टॉटलचा टीकाकार सांगतो की हिपोक्रेटिसने कोरीच्या साहाय्याने वर्तुळच चौरसात बसविल्याचा दावा केला. ती युक्ती अशी. वर्तुळाचा व्यास २ घ्या आणि अर्ध्या वर्तुळात षट्कोनाच्या तीन भुजा काढा. प्रत्येक भुजा १. प्रत्येक भुजेवर बाहेर अर्धवर्तुळ काढा. व्यास दुप्पट, म्हणून मोठे अर्धवर्तुळ लहानाच्या चौपट. मोठ्यात एक समलंब चौकोन आणि तीन वृत्तखंड आहेत. तीन लहान अर्धवर्तुळांत तीन कोरी व तेच तीन वृत्तखंड आहेत. वृत्तखंड काढून टाकले की समलंब चौकोन हा तीन कोरी अधिक एक लहान अर्धवर्तुळ यांच्याइतका ठरतो. येथवर सर्व निर्दोष आहे. पुढे म्हणावयाचे: कोरींचे क्षेत्रफळ आपल्याला ठाऊकच आहे, ते वजा केले की अर्धवर्तुळ उरले, आणि वर्तुळाचा चौरस झाला!

फसगत ‘ठाऊकच आहे’ या शब्दांत आहे. जी ठाऊक आहे ती चौरसाच्या भुजेवरील कोर. ही षट्कोनाच्या भुजेवरील. पहिलीचा आतला कंस पाव वर्तुळाचा, दुसरीचा सहाव्या हिश्श्याचा. दुसरीचे क्षेत्रफळ काढावयाचे तर अर्धवर्तुळाचेच क्षेत्रफळ लागते, आणि आपण गोल फिरून मूळ जागी येतो.

ही चूक हिपोक्रेटिसची होय काय? ॲरिस्टॉटल ‘पदार्थविज्ञान’ ग्रंथाच्या आरंभी म्हणतो की वृत्तखंडांच्या द्वारे केलेल्या चौरसीकरणाचे खंडन करणे हे भूमितिज्ञाचे कर्तव्य आहे. हिपोक्रेटिसचे नाव तो तेथे घेत नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकात सिम्प्लिशियसने या वाक्यावर भाष्य लिहिताना आधी अलेक्झांडरचे म्हणणे दिले, आणि मग ॲरिस्टॉटलचा शिष्य युडेमस याच्या भूमितीच्या इतिहासातील उतारा जवळजवळ शब्दशः उतरून घेतला. मूळ इतिहास हरवला आहे. उतारा तेवढा वाचला. युडेमसच्या वृत्तांतात हिपोक्रेटिसने तीन कोरी मोजल्या: एकीचा बाहेरील कंस अर्धवर्तुळाइतका, दुसरीचा त्याहून मोठा, तिसरीचा लहान. शेवटी त्याने एक चौथी कोर व एक वर्तुळ मिळून सरळ रेषांच्या आकृतीइतके होतात, असे दाखविले. त्या चौथ्या कोरीचे एकटीचे माप त्याने दिलेले नाही.

ज्याने तीन प्रकारच्या कोरींसाठी तीन वेगळ्या रचना बसविल्या, त्याला एका कोरीचे माप दुसरीस लागू पडत नाही हे कळत नव्हते, असे मानणे आम्हांस अवघड वाटते. चौथे विधानही, जेवढे सिद्ध झाले तेवढेच सांगते. ते वाचून कोणी उतावळ्याने ‘वर्तुळ सुटले’ असे म्हटले असावे आणि ते बोल मूळ पुरुषाच्या नावावर चढले असावेत, हा आमचा तर्क. युडेमसचे शब्द कोणते आणि सिम्प्लिशियसची भर कोणती, यावर विद्वानांचा वाद झाला आहे. परंतु तीन कोरींविषयी तो नाही.

सिम्प्लिशियसच्या या भाष्याची डील्सने संपादिलेली आवृत्ती बर्लिनला १८८२ मध्ये निघाली. त्याच वर्षी लिंडेमानने ‘पाय’चे स्वरूप असे आहे की पट्टी व कंपास यांनी वर्तुळाचा चौरस होणे नाही, हे सिद्ध केले. कोरींचा प्रश्न मात्र तेव्हाही उघडा होता. अठराव्या शतकात आणखी दोन मोजता येण्याजोग्या कोरी सापडल्या होत्या. म्हणजे हिपोक्रेटिसच्या तीन धरून पाच. दोन्ही कंसांचे कोन परस्परांशी पूर्णांकांच्या प्रमाणात असतील तर सहावी कोर नाही, हे चेबोतार्योव्ह व दोरोद्नोव्ह या रशियन गणितज्ञांनी १९३४ आणि १९४७ मध्ये दाखविले. षट्कोनाच्या भुजेवरील कोरीचे कोन १८० व ६० अंशांचे, म्हणजे तीनास एक या प्रमाणात आहेत, आणि ती त्या पाचांत नाही.