झाकण ‘टक्’ वाजलं तेव्हा

अमेरिकेच्या ओहायो राज्यात लँकेस्टर नावाचं गाव आहे. १९ एप्रिल २०१५ च्या रविवारी तिथल्या एका चर्चमध्ये पॉटलक जेवण झालं. म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. ७७ जण जेवले, २९ आजारी पडले, एकाचा जीव गेला. बोट्युलिझमचा एवढा मोठा उद्रेक अमेरिकेत जवळपास चाळीस वर्षांत झाला नव्हता. पण घड्याळ रविवारी सुरू झालं नव्हतं. ते सुरू झालं बटाट्याच्या बरण्या उकळायला ठेवल्या तेव्हा. सुरुवातीच्या नोंदी अशा कुठल्याही बरणीच्या आहेत, पुढच्या लँकेस्टरच्या.

मिनिट ०

बटाटे सोलून, धुऊन, फोडी करून काचेच्या बरण्यांत भरले. वर पाणी ओतलं, थोडं मीठ घातलं. आतून रबराची कड असलेलं पातळ झाकण ठेवून त्यावर फिरकीचं कडं हलकंच आवळलं. बरण्या उंच पातेल्यात, झाकणं बुडतील इतक्या पाण्यात उभ्या केल्या.

बटाटा मातीतला, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणूही मातीतलेच. कितीही धुतलं तरी दोन-चार चिकटून राहतातच. एरवी त्यांनी काही बिघडत नाही. रोजच्या भाजीतून मोठ्या माणसाच्या पोटात ते जातात आणि तसेच निघून जातात.

मिनिट २०

पाण्याला खळखळून उकळी फुटली. बरणीतले जिवंत जंतू मरू लागले. बीजाणू मात्र मरत नाहीत. जाड कवचात, जवळजवळ कोरडे होऊन ते पडून असतात. गॅस मोठा केला तर पाणी लवकर आटेल, पण उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जाणार नाही.

१९१९ मध्ये याच ओहायोतल्या कँटन गावात डबाबंद ऑलिव्ह खाऊन माणसं दगावली. त्यानंतर कॅलिफोर्नियात ईस्टी आणि मायर या दोन संशोधकांनी बीजाणू नेमके किती उष्णतेला मरतात ते मोजलं आणि १९२२ मध्ये आकडे मांडले. १२१ अंशांवर तीनेक मिनिटं पुरतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की वेळ साधारण दहापट वाढतो. १०० अंशांवर हा हिशेब ३३० मिनिटांवर, म्हणजे साडेपाच तासांवर जातो. एवढा वेळ बरणी कोण उकळणार? आणि उकळली तरी आत बटाट्याची लापशी उरेल.

प्रेशर कॅनरमध्ये हीच बरणी ठेवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे आधी दहा मिनिटं वाफ मोकळी सोडून आतली हवा घालवतात. हवा उरली तर तापमान काट्यापेक्षा कमी राहतं. मग वजन ठेवतात. दहा पौंडांच्या दाबाला आत सुमारे ११६ अंश होतात. त्या दाबाला बटाट्याची साधारण लिटरभराची बरणी ४० मिनिटं ठेवायची, अर्ध्या लिटरची ३५ मिनिटं. हे समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंतच्या गावांसाठी. पुण्याच्या उंचीवर पंधरा पौंडांचं वजन लागेल.

‘मग आपला कुकर आहेच की’ हा विचार इथे मनात येतो. आपल्या कुकरचा दाब पुरेसा असतो, अडचण आकाराची आहे. छोटा कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो. वरच्या मिनिटांत मोठ्या कॅनरचं सावकाश तापणं आणि सावकाश निवणंही धरलेलं आहे. कुकरात ती वजा होतात आणि आपल्याला कळतही नाही.

तास २

बरण्या बाहेर काढून ओट्यावर फडक्यावर ठेवल्या. निवताना आतली वाफ आकसली आणि झाकण खाली ओढलं जाऊन ‘टक्’ असा आवाज आला. घरी कॅनिंग करणाऱ्याला हा आवाज फार आवडतो. बरणी पक्की बंद झाल्याची ती खूण.

पण तिच्या आत काय उरलं ते बघा. उकळण्याने हवा बाहेर गेली, आणि या जंतूला प्राणवायू चालत नाही. जागेसाठी आणि अन्नासाठी भांडणारे बाकीचे जंतू मेले. पाणी आहे, स्टार्च आहे, आंबटपणा जवळजवळ नाही. म्हणजे उकळण्यातून बीजाणू नुसते वाचले नाहीत, त्यांना आयती जागा मोकळी करून मिळाली. कैरीच्या लोणच्यात त्यांचं असं चालत नाही, कारण पीएच ४.६ च्या खाली असला की ते रुजत नाहीत. बटाट्याचा पीएच साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणून जॅमला किंवा आंबट फळांना उकळतं पाणी चालतं. बटाटा, मटार, मका, घेवडा, मटण यांना चालत नाही.

त्यानंतरचे दिवस

बरणी फळीवर, खोलीच्या तापमानाला. बीजाणू रुजले, वाढले आणि विष तयार करू लागले. कधी झाकण फुगतं, कधी वास येतो. कधी दोन्ही होत नाही आणि फोडी पांढऱ्याशुभ्र दिसतात.

रविवार, १९ एप्रिल, जेवण

टेबलावर बटाट्याचं सॅलड. ज्यांनी ते खाल्लं त्यांना लगेच काहीच झालं नाही. विष आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत जायला वेळ लागतो, बहुधा १२ ते ३६ तास. तिथे ते स्नायूला ‘हल’ सांगणारं रसायन बाहेर पडूच देत नाही.

मंगळवार, २१ एप्रिल

गावातल्या रुग्णालयाने एका संशयित रुग्णाची खबर राज्याच्या आरोग्य खात्याला दिली. दोन तासांत आणखी चार आले. बोट्युलिझम वरून खाली उतरतो. आधी एकाचे दोन दिसतात, पापण्या मिटू लागतात, तोंड कोरडं पडतं, जीभ जड होते, घास उतरत नाही. मग हात, मग छाती. ताप नसतो आणि शुद्ध पूर्ण असते. श्वास घेता येत नाही हे त्या माणसाला नीट कळत असतं.

राष्ट्रीय साठ्यातून प्रतिविषाच्या ५० मात्रा ओहायोला निघाल्या. त्यातून २५ जणांना औषध मिळालं. मात्र ते रक्तात फिरणारं विषच पकडतं. जे मज्जातंतूत शिरलं त्याला हात लावू शकत नाही, तिथे नवी टोकं फुटेपर्यंत आठवडे, कधी महिने थांबावं लागतं. अकरा जणांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. बावीस जणांना तीसेक मैलांवरच्या कोलंबस परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांत हलवलं.

पुढचे दिवस, चर्चच्या मागे

कोणी काय खाल्लं हे तपास करणाऱ्यांनी एकेकाला विचारलं, आणि उरलंसुरलं अन्न चर्चच्या कचऱ्याच्या पेटीतून उपसून काढलं. बारा नमुने मिळाले. सहांमध्ये ए प्रकारचं विष सापडलं. त्यातले पाच बटाट्याच्या सॅलडचे होते. सहाव्यात मॅकरोनी-चीज होतं, त्याला कदाचित पेटीतच सॅलड लागलं असावं.

सॅलड करणाऱ्या व्यक्तीने सांगितलं की बटाटे घरीच बरणीबंद केले होते, उकळत्या पाण्यात, प्रेशर कॅनरमध्ये नाही. बीजाणूंसारखं हे विष चिवट नसतं, दहा मिनिटं उकळलं तर मोडतं. पण बरणीतले बटाटे आधीच शिजलेले होते आणि सॅलड थंडच खायचं होतं. बरणी उघडल्यावर ते पुन्हा गरम केले नव्हते.