‘अटी व शर्ती लागू*’ : मीम्समधला चांदणीचा विनोद नेमका कशावर?

‘पाच मिनिटांत पोहोचतोय*’ आणि खाली अगदी बारीक अक्षरांत, ‘*अजून अंघोळ व्हायची आहे.’ अशा धाटणीचं मीम तुमच्याही ग्रुपवर फिरून गेलं असेल. त्यातली ती छोटी चांदणी आली आहे जाहिरातींमधून.

विनोद कसा घडतो?

या मीमचे तीन भाग असतात. आधी ठळक अक्षरांत वचन, मग चांदणी आणि तळाला ते वचन मागे घेणारी ओळ. तळाची ओळ वचनाला फक्त जोड देत असेल तर हसू येत नाही. ‘उद्यापासून अभ्यास*, *सकाळी सहा वाजता’ यात गंमत नाही. ‘*उद्या उगवला तर’ म्हटलं की मीम जमलं.

जाहिरातीत हेच कसं दिसतं?

एक काल्पनिक उदाहरण घ्या. बॅनरवर लिहिलंय, ‘सर्व खरेदीवर 50 टक्के सूट*’. तळाला आहे, ‘*किमान खरेदी 5,000 रुपये, कमाल सूट 300 रुपये.’ तुम्ही 6,000 रुपयांची खरेदी केली, तर बॅनरनुसार 3,000 रुपये वाचायला हवेत. प्रत्यक्षात वाचतात 300, म्हणजे 5 टक्के. 2,000 रुपयांची खरेदी केली तर काहीच नाही. इथे तळाच्या ओळीने बॅनरच खोडून काढला.

‘50 टक्क्यांपर्यंत’ मधला ‘पर्यंत’ही असाच. एखाद्याच वस्तूवर 50 टक्के आणि बाकीच्यांवर 10 टक्के सूट असू शकते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यानुसार तळटीप दाव्याचा खुलासा करू शकते, पण दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही आणि महत्त्वाची माहिती दडवू शकत नाही. दावा मराठीत असेल तर तळटीपही मराठीतच हवी. फॉन्ट दाव्याचाच हवा आणि सामान्य नजरेच्या माणसाला ती एका वाचनात कळायला हवी. दावा बोलून केला असेल, तर तळटीपही त्या आवाजाच्या जोडीने आणि त्याच वेगाने दाखवायला हवी. शेवटी भरधाव पळणाऱ्या आवाजाची नक्कल करणारे रील्स याच सवयीवर बोट ठेवतात.

थोडक्यात, चांदणी लावणं बेकायदा नाही. अट असणंही चुकीचं नाही. मीमला हसू येतं ते वचन उलटल्यामुळे, आणि नियमाचा आक्षेपही नेमका तिथेच आहे.

शंका आली तर?

जाहिरातीचा स्क्रीनशॉट तळाच्या ओळीसकट घ्या, कारण ऑफर संपली की ती ओळही गायब होते. बिल जपून ठेवा. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.